मदत हवी आहे: प्रमाणपत्रावरची मोठी नावं दुसऱ्या ओळीत जातात

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन झालं. सहभागाचं कोरं प्रमाणपत्र जुनंच, छापील. मूळ फाईल कुणाकडेच नाही. म्हणून ते ३०० डीपीआयला स्कॅन केलं आणि वर्डमध्ये हेडरात चित्र म्हणून बसवलं. हेडरात असल्यामुळे ते जागचं हलत नाही. स्क्रीनवर फिकट दिसतं, पण छापून नीट येतं. ठिपक्यांच्या ओळीवर टेक्स्ट बॉक्स ठेवून एक्सेलमधली ८६ नावं मेल मर्जने घेतली.

‘रोहन माने’ ओळीवर बरोबर बसतं. ‘ज्ञानेश्वरी चंद्रशेखर बिराजदार’ मात्र दुसऱ्या ओळीत उतरून खालच्या ‘यांनी’वर चढतं. सगळ्यांचाच फॉन्ट लहान केला तर छोटी नावं केविलवाणी दिसतात.

एक्सेलमध्ये LEN ने लांबी मोजून मोठ्या नावांची वेगळी यादी करणार होते, पण ते काना-मात्रा, हलन्तही वेगळे मोजतं. त्यामुळे आकडा आणि कागदावरची रुंदी जुळत नाही.

फक्त मोठ्याच नावांचा फॉन्ट आपोआप लहान होईल अशी सोय कुणी केली आहे का? अक्षरं दाबून बसवायची नाहीत, शिरोरेषा तुटते. शनिवारी वाटप आहे आणि प्रत्येक मुलाचं पूर्ण नाव यायलाच हवं.