मदत हवी आहे: ज्युनियर डेटा अॅनालिस्टच्या मुलाखतीची गुणपत्रिका कशी बांधावी?

उद्यमबागकर: नमस्कार मंडळी. बेळगावात आमच्या फौंड्रीत दोन ज्युनियर अॅनालिस्ट घ्यायचे आहेत. पॅनेलवर आम्ही तिघे. कागदावर नुसतं 'एसक्यूएल: १ ते ४' छापलंय. एकाच पोराला मी ४ देतो, क्वालिटीचे साहेब २. वर इंग्रजी फाडफाड बोलणारा सगळ्याच रकान्यांत पुढे जातो. काय करावं?

आकडेमोड: आकड्याऐवजी उत्तर कसं दिसेल ते लिहा. तुमच्याच धंद्यातला प्रश्न घ्या. एका ऑर्डरचे १०० नग गेले. रिजेक्शनच्या टेबलात तिच्या दोन नोंदी: ब्लोहोलचे ५, सँड इन्क्लुजनचे ३. दोन्ही टेबलं ऑर्डर नंबरवर `LEFT JOIN` केली की डिस्पॅचची ओळ दोनदा येते, बेरीज २०० होते आणि रिजेक्शन ८ टक्क्यांऐवजी ४ दिसतं. ही क्वेरी आणि ४ टक्के समोर ठेवून विचारा, 'हे मालकांना पाठवाल का?'

'हो, पाठवतो' म्हणाला तर १. आकडा खटकला पण कारण सापडेना, तर २. 'ओळी मोजून बघ' एवढं सांगितल्यावर पकडलं, तर ३. न सांगता ओळी मोजल्या आणि जोडण्याआधी रिजेक्शनची ऑर्डरवार बेरीज केली, तर ४. तो ४ टक्के बघून खूश झाला की थबकला, हे तिघांनाही सारखंच दिसतं.

चिकोडीचा_पाहुणा: माझ्या भाच्याची पुढच्या आठवड्यात अशीच मुलाखत आहे. पायथॉन विचारतात का हो?

आकडेमोड: दादा, इथं प्रश्न घेणाऱ्यांचा चाललाय. त्याला जॉइन नीट करायला सांगा.

एचआर_ताई: प्रत्येकाला वेगळा प्रश्न द्या. एकाच कॉलेजची पोरं असतात, जेवणाच्या सुट्टीत सगळं फुटतं. आणि शेवटी बेरीज करून वरचे दोन घ्या.

आकडेमोड: ताई, फुटतं हे खरं. पण प्रश्नच वेगळे दिले तर तुलना कशाची करायची? टेबल बदला, खोच तीच ठेवा: एकाला डिस्पॅच-रिजेक्शन, दुसऱ्याला बिलं आणि हप्ते. बेरजेचं मात्र जपून. बोलण्यात ४ आणि जॉइनमध्ये १ असलेला, दोन्हींत ३ असलेल्याच्या अगदी जवळ जातो. जॉइनला किमान २ हवेतच, अशी अट घाला.

आणि तिघांनीही एकमेकांशी बोलायच्या आत गुण भरून ठेवायचे, शेजारी उमेदवाराचं एक वाक्य जसंच्या तसं. मग फरक दोनचा आला तरच चर्चा. नाहीतर साहेब आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात.

उद्यमबागकर: हे जमण्यासारखं आहे. मराठी, कन्नड, इंग्रजी, कशातही उत्तर दे म्हणायचं आणि बोलण्याचा रकाना वेगळा ठेवायचा, असं ठरवतोय. पण तिघांतल्या एकालाच कन्नड नीट येतं.

एचआर_ताई: त्याने सांगायचं, बाकीच्यांनी लिहायचं.

आकडेमोड: मग तिन्ही गुण त्याच्याच कानाचे होतील, ताई. स्क्रीनवर करून दाखवायला लावलं तर थोडं सुटेल. 'का केलंस' हे मात्र तरीही बोलूनच सांगावं लागणार. इथं कुणी दुभाषा घेऊन मुलाखती घेतल्यात का?