एसएमएस ब्रॉडकास्टचा रिपोर्ट: खरेदीचा आकडा नेमका कुठला धरायचा?

कोरापाटी
नमस्कार मंडळी. ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मार्केटिंगचं काम बघते. दर ब्रॉडकास्टनंतर साहेबांना एक पानी रिपोर्ट द्यायचा असतो. मागच्या खेपेचे आकडे असे: पाठवले 24,000, पोचले 21,900, क्लिक 3,100, बंद करा म्हणणारे 95, खरेदी 290.

अडचण शेवटच्या आकड्याची आहे. मेसेज पाठवणारं टूल 290 म्हणतं आणि वेबसाइटचं अ‍ॅनालिटिक्स त्याच मोहिमेला 118 ऑर्डरी देतं. साहेब विचारतात, यातलं खरं काय? रिपोर्टसाठी एखादं चांगलं टूल किंवा पद्धत सुचवा.

झटपट
टूल बदलून काही होणार नाही. प्रत्येक मोहिमेला वेगळा कूपन कोड द्या आणि तो कोड किती वेळा वापरला गेला ते मोजा. विषय संपला.

मोजपट्टी
झटपट, कोडने निम्मं काम होतं. कोड मित्रमैत्रिणींत फिरतो, कूपनच्या साइटवर चढतो, आणि ज्याला तसंही घ्यायचंच होतं तोही तो वापरतो. उलट एखादा मेसेज वाचून येतो आणि कोड टाकायचा विसरतो.

कोरापाटी, आधी टूलच्या सेटिंगमध्ये 290 कशाला म्हटलंय ते बघा. बऱ्याच टूलमध्ये मेसेज पोचल्यावर ठरावीक दिवसांत ज्याने खरेदी केली तो मोहिमेच्या खात्यात जातो, मग त्याने लिंक उघडलेली असो वा नसो. अ‍ॅनालिटिक्स सहसा शेवटच्या क्लिकवर चालतं. माणसाने मेसेजमधली लिंक फोनवर बघितली आणि संध्याकाळी लॅपटॉपवर थेट साइट उघडून खरेदी केली, तर ती ऑर्डर तुमच्या 118 मध्ये येतच नाही. दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येने बरोबर आहेत. पण साहेबांचा प्रश्न वेगळा आहे: मेसेज गेला नसता तर यातल्या किती ऑर्डरी आल्याच नसत्या? त्याचं उत्तर या दोन्हींत नाही.

दोनभाग
माझाही एक प्रश्न इथेच विचारतो. आमचा मेसेज मराठीत असतो आणि बिल दरवेळी अपेक्षेच्या दुप्पट, कधी तिप्पट येतं. रिपोर्टमध्ये मेसेजची संख्या मात्र बरोबर दिसते. हे कशामुळे?

जुनालाइनमन
दोनभाग, देवनागरीत एका एसएमएसमध्ये 70 अक्षरं मावतात, आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. त्यापुढे गेलात की मेसेजचे 67-67 चे तुकडे होतात आणि बिल तुकड्यांवर लागतं. रिपोर्टमध्ये तुकड्यांचा रकाना वेगळा मागून घ्या.

कोरापाटी, तुमच्या 21,900 बद्दल बोलतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पोचपावती फोनकडून आली तरच खरी. काही मार्गांवर मधलाच कोणीतरी DELIVRD पाठवून मोकळा होतो. तपासायला सोपं आहे: आपलाच एक फोन बंद करून यादीत घाला. फोन बंद असताना पोचल्याची पावती आली, तर त्या मार्गाच्या पावत्यांवर विसंबू नका. न पोचलेले 2,100 सुद्धा एका ओळीत दाखवू नका. EXPIRED म्हणजे बहुधा फोन बंद किंवा रेंजबाहेर राहिला आणि मुदत संपली, तो माणूस पुढच्या वेळी मिळू शकतो. UNDELIV एकाच नंबरवर सलग येत राहिला तर तो यादीतून काढा.

कोरापाटी
फोन बंद करून बघते, हे सुचलंच नसतं. आणि क्लिकचं काय? 21,900 वर 3,100 म्हणजे 14 टक्के. मला ते जरा जास्तच वाटतात.

मोजपट्टी
शंका रास्त आहे. प्रत्येकाला वेगळी लघुलिंक जात असेल तर लॉग काढून एकच लिंक धरून वाचा. साधारण असं दिसेल:

```
11:02:05  HEAD /k7Qp
11:02:05  GET  /k7Qp  facebookexternalhit/1.1
11:09:41  GET  /k7Qp  Mozilla/5.0 (Linux; Android 14)
```

पहिल्या दोन ओळींत माणूस नाही. लिंकचं चित्र आणि मथळा दाखवायला किंवा ती सुरक्षित आहे का हे बघायला यंत्रच पान उघडून गेलंय. सात मिनिटांनंतरची तिसरी ओळ माणसाची. टूल तिन्ही धरत असेल तर एका माणसाचे तीन क्लिक होतात. आयफोनची मेसेज अ‍ॅपसुद्धा प्रिव्ह्यूसाठी लिंक उघडताना हेच facebookexternalhit नाव लावते, तेव्हा ते नाव दिसलं म्हणजे फेसबुकवरून लोक आले असं समजू नका. लघुलिंकवरची धडक न मोजता पुढचं पान प्रत्यक्ष उघडलं का ते मोजा आणि माणशी एकच क्लिक धरा.

आता खरेदी. पुढच्या वेळी यादीतले 2,400 जण चिठ्ठ्या टाकल्यासारखे बाजूला काढा आणि त्यांना मेसेज पाठवूच नका. उरलेल्या 21,600 ना पाठवा. समजा तीन दिवसांत पाठवलेल्यांतून 324 ऑर्डरी आल्या, म्हणजे दीड टक्का, आणि न पाठवलेल्यांतून 24, म्हणजे एक टक्का. फरक अर्ध्या टक्क्याचा. 21,600 चा अर्धा टक्का 108. मेसेजमुळे वाढलेल्या ऑर्डरी एवढ्याच, बाकीच्या 216 तशाही आल्या असत्या.

झटपट
हे पटलं. पण मग तुलना पोचलेल्यांशी करायला हवी ना? ज्यांना मिळालाच नाही त्यांना कशाला धरायचं?

मोजपट्टी
नाही, तिथेच हिशेब बिघडतो. बाजूला ठेवलेल्या 2,400 मध्येही बंद पडलेले नंबर आहेतच, फक्त ते कुठले हे आपल्याला माहीत नाही. एका गटातून ते गाळले आणि दुसऱ्यात ठेवले, तर मेसेजचा परिणाम फुगलेला दिसेल. पाठवलेले सगळे विरुद्ध न पाठवलेले सगळे, अशीच तुलना करा. मेसेजनंतर बंद करा म्हणालेले 95 जणसुद्धा पाठवलेल्यांतच राहतील.

आणि 108 हा आकडा एकटा छापू नका. 24 ऑर्डरींचा गट लहान आहे, पुढच्या खेपेला सहज 16 किंवा 32 येतील. हिशेब केला तर 108 च्या जागी सुमारे 15 ते 200 काहीही असू शकतं. चार-पाच मोहिमांची बेरीज झाली की पट्टा अरुंद होतो.

सहीशिक्का
बंद करा म्हणणाऱ्यांबद्दल थोडं. आमच्याकडे ती संख्या मोहीमवार बघून काही कळायचं नाही. यादीत कधी आले त्यानुसार फोडली तेव्हा दिसलं की बहुतेक जण नुकतेच सवलतीसाठी नंबर देऊन आलेले आणि पहिल्याच मेसेजला गेलेले. जुने ग्राहक जायला लागले तर मात्र मी मेसेजची वारंवारता बघते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असाल तर कोणी ब्लॉक केलं हे नावानिशी कळत नाही, फक्त आपल्या नंबरचं क्वालिटी रेटिंग घसरतं. रिपोर्टमध्ये तेही लिहा, नाहीतर 95 हाच सगळ्या नाराजीचा आकडा वाटेल.

कोरापाटी
सगळ्यांचे मनापासून आभार. साहेब 2,400 लोकांना वगळायला तयार होतील असं वाटत नाही, विक्री बुडेल म्हणतील. पाच टक्के ठेवले तर चालेल?

मोजपट्टी
चालेल, पण मग जास्त मोहिमा थांबावं लागेल. वर धरलेल्या दराने दहा टक्के वगळल्यावर बुडणाऱ्या ऑर्डरी साधारण 12 होतात. साहेबांना आधी हा आकडा दाखवा.

सहीशिक्का
मी मात्र सणासुदीच्या किंवा मोठ्या सेलच्या मोहिमेत कोणालाच वगळत नाही, एरवीच्या मोहिमांतच हे करते.

मोजपट्टी
सेलमध्ये लोक मेसेजशिवायही येतात, म्हणून टूलचा दावा तिथेच सगळ्यात फुगतो. मी तरी तिथेच वगळेन.