शब्दचर्चा: ‘अ‍ॅबिलिटी गेटिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

कागदी_होडी: मेट्रॉइडव्हेनिया, म्हणजे एकाच मोठ्या नकाशात मागेपुढे फिरत नव्या वाटा उघडायच्या, गेम्सवरच्या एका व्हिडिओची मराठी सबटायटल्स करतेय आणि दोन दिवस एकाच शब्दावर अडलेय. अ‍ॅबिलिटी गेटिंग. म्हणजे पात्राला ठरावीक ताकद मिळेपर्यंत पुढची वाट बंद ठेवणं. मी ‘कौशल्याचा अडसर’ असं लिहिलं होतं, तर तपासणाऱ्यांनी ‘कौशल्य’ खोडलं आणि पुढे काहीच सुचवलं नाही. काय चुकलं?

रातकिडा: खोडलं ते बरोबरच. कौशल्य खेळणाऱ्याच्या बोटात असतं, इथे जे मिळतं ते पडद्यावरच्या पात्राला मिळतं. १९८६ चा पहिला मेट्रॉइड घ्या. सुरुवातीला तुम्ही उजवीकडे पळता, कारण तेव्हाच्या बहुतेक गेम्समध्ये तीच सवय, आणि थोड्या वेळाने समोर भिंत येते, तिच्या तळाशी फक्त एक बुटकी फट. उभ्या माणसाला जाता येत नाही. मग परत फिरायचं, सुरुवातीच्या जागेच्याही डावीकडे जायचं, तिथे चौथऱ्यावर मॉर्फ बॉल असतो, तो घेतला की पात्र गोळा होऊन घरंगळतं आणि त्या फटीतून पार होतं. कोणी सांगत नाही, पाटी नाही, पण पहिल्या दोन मिनिटांत अख्खा प्रकार कळतो की आधी अडायचं, जागा लक्षात ठेवायची, ताकद मिळाली की मागे यायचं.

अनुस्वार: मग सरळ ‘कुलूप-किल्ली’ म्हणा की. मराठी आहे, सगळ्यांना कळतं. उगाच अ‍ॅबिलिटी वगैरे कशाला.

रातकिडा: नाही पटत. किल्ली दार उघडते आणि तिचं काम संपतं. इथली वस्तू दाराबाहेरही उपयोगी पडते. होलो नाइटमध्ये मँटिस क्लॉ मिळाला की भिंतीला चिकटून वर चढता येतं, ते एका दारापुरतं नाही, आधी बघितलेल्या प्रत्येक उंच विहिरीचा अर्थ बदलतो, लढाईतसुद्धा पळायची नवी वाट मिळते. नकाशा तोच, तुम्ही बदललात.

बोरूबहाद्दर: ‘अडसर’वर मला बोलायचंय. अडसर म्हणजे दाराला आतून लावायचा आडवा दांडका, ‘अड’ म्हणजे आडवं आणि ‘सर’ म्हणजे सरकणारं, असं आजोबा सांगायचे, मी कोशात पाहिलेलं नाही. पण आतून लावायचा, हे महत्त्वाचं. या गेम्समध्ये काही दारं एकाच बाजूने उघडतात, लांबचा वळसा घालून पलीकडून आलात की खिट्टी काढता आणि कायमचा शॉर्टकट होतो. अडसर शब्द त्याला द्या, तो तिथेच शोभतो.

कागदी_होडी: अरे वा, व्हिडिओत ती दारंही आहेत! म्हणजे अडसर तिकडे गेला, माझी मूळ जागा पुन्हा रिकामी.

लेव्हल९९: मला वाटतं नकाशा आणि लेव्हल असली की मेट्रॉइडव्हेनियाच. मी एका गेममध्ये चाळीसाव्या लेव्हलशिवाय जंगलात जाऊ शकत नव्हतो, तेही गेटिंगच झालं ना?

रातकिडा: गेटिंग आहे, अ‍ॅबिलिटीचं नाही. तिथे आकडा अडवतो. मेट्रॉइडव्हेनिया हे नाव मेट्रॉइड आणि कॅसलव्हेनिया या दोन गेममालिकांवरून पडलं, लेव्हल वाढवायचा प्रकार कॅसलव्हेनियाच्या बाजूने आला, तिच्या १९९७ च्या सिम्फनी ऑफ द नाइटमध्ये तो होता, म्हणून तुमची गल्लत होते. पण त्याच गेममध्ये जाळीपलीकडे जायला धुकं व्हावं लागतं, तिथे लेव्हल कितीही असली तरी काही होत नाही.

अनुस्वार: आणि ‘व्हेनिया’चा अर्थ काय? नाव तरी मराठी करा.

बोरूबहाद्दर: तो ट्रान्सिल्व्हेनियाचा शेपटाकडचा तुकडा, त्याला सुटा अर्थ नाही. मेट्रॉइडमध्ये मेट्रो आणि अँड्रॉइड. दोन जोडशब्दांचे तुकडे पुन्हा जोडलेत, भाषांतर कशाचं करणार? आहे तसाच ठेवा.

मृगजळ: माझा अनुभव सांगते. सुपर मेट्रॉइडमध्ये एक पूल आहे, पाय ठेवला की कोसळतो. मला खात्री होती की लांब उडीची काहीतरी वस्तू मिळाल्याशिवाय जमणार नाही, तासभर सगळा नकाशा पालथा घातला. नुसतं पळायचं बटण दाबून धरायचं होतं, ते पहिल्यापासून होतं! मग याला गेट म्हणायचं का?

रातकिडा: यावर माझंही मत पक्कं नाही. त्याच गेममध्ये भिंतीवरून उडी मारत वर जाणंही पहिल्यापासून येतं, कोणी सांगत नाही, एका खोल जागेत तीन छोटे प्राणी करून दाखवतात तेव्हा कळतं. ज्यांना आधीच जमतं ते ठरलेला क्रम मोडून वस्तू लवकर घेतात. म्हणजे एकच भिंत एकाला बंद, दुसऱ्याला उघडी.

कागदी_होडी: मग तिथे ‘कौशल्य’ बरोबर नाही का? अडवलं ते खेळणाऱ्याच्या बोटांनीच ना!

अनुस्वार: ‘सिद्धी’ घ्या. सिद्धी मिळाली की माणूस लहान होतो, उडतो, धुकं होतो. यापेक्षा नेमका शब्द नाही.

बोरूबहाद्दर: सिद्धी तपाने मिळते, इथे चौथऱ्यावर ठेवलेली सापडते. ‘कुवत’ म्हणा. ‘कुवतीचं फाटक’.

लेव्हल९९: कुवत म्हटलं की ‘तुझी कुवत नाही’ असं ऐकू येतं राव. सबटायटलमध्ये टोमणा वाटेल.

मृगजळ: त्या पुलाला काय म्हणायचं ते राहिलंच की.