अनुभव धागा: शाळेतील अभिरूप निवडणुकीचे पालकांना पत्र

धागाकर्ती, शिक्षिका, खानापूर तालुका: शाळा संसदेच्या निवडणुकीआधी मी पालकांना पत्र देते आणि ज्यांना कन्नड वाचणे सोयीचे आहे त्यांच्यासाठी ते कन्नडमध्येही छापते. त्यातला मुख्य भाग असा: “मत गुप्त ठेवण्याचा सराव व्हावा, हा या उपक्रमाचा हेतू आहे. म्हणून कोणाला मत दिले, हे घरी मुलांना विचारू नये. पक्षांची चिन्हे, झेंडे आणि खाऊवाटप यांस मनाई आहे. चिन्हे पाटी, घागर व दप्तर अशी राहतील. मतपत्रिकेवर नोटा असेल.” आपले अनुभव लिहावेत.

पालक, निपाणी: पत्र आवडले. मात्र नोटाला सर्वाधिक मते पडल्यास निवडणूक पुन्हा घ्यावी लागते, हेही त्यात लिहावे. कोल्हापूरच्या माझ्या मेव्हण्यांकडे तसाच नियम आहे, म्हणजे सगळीकडे तोच असणार.

निवृत्त मुख्याध्यापक, बेळगाव: मेव्हण्यांचे म्हणणे तेथील स्थानिक स्वराज्य संस्थांपुरते खरे आहे, महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये तसा आदेश काढला. लोकसभा व विधानसभेला नोटा 2013 मध्ये आला, पण तेथे नोटा पुढे असला तरी उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मते तोच निवडून येतो. पत्रात कोणताही एक नियम घ्यावा, परंतु तो मतदानाआधी लिहून द्यावा.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती मोजणी. आमच्या सातवीत नऊच मुले होती आणि आम्ही वर्गवार मोजणी केली. एका उमेदवाराला त्या वर्गातून शून्य मते पडली, तेव्हा शेजारी बसणाऱ्या जिवलग मित्रानेही मत दिले नाही, हे त्याला कोणी न सांगता कळले आणि दोघांचे बोलणे बंद झाले. पुढच्या वर्षी सर्व वर्गांच्या चिठ्ठ्या एका घमेल्यात मिसळूनच आम्ही मोजल्या. मतपत्रिकांच्या काळात केंद्रांच्या पेट्यांतील मते मिसळून मोजण्याची तरतूद होती, ती याच कारणासाठी. पत्रात हे वाक्य अवश्य घालावे.

पालक, येळ्ळूर: माझी थोरली मुलगी नुकतीच 18 वर्षांची झाली आहे. यादीत तिचे नाव शाळेमार्फत लागेल का?

धागाकर्ती: नाही, त्यासाठी 6 नंबरचा अर्ज भरून आपल्या भागातील बीएलओंकडे द्यावा लागतो. येथे शाळेच्या निवडणुकीविषयीच लिहावे, ही विनंती.

शिक्षक, चिकोडी: आमच्याकडे दोन मुलींना 34-34 मते पडली. खऱ्या निवडणुकीत समसमान मते पडल्यास चिठ्ठी टाकतात, म्हणून आम्हीही सर्वांसमोर चिठ्ठी काढली. पण पत्रात तसा उल्लेख नसल्याने हरलेल्या मुलीचे वडील शाळेत आले. फेरमतदान घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. चिठ्ठीचा नियम पत्रात असता तर त्यांना तो मान्य झाला असता का, हे सांगणे कठीण आहे. आमच्या शिक्षकांतही यावर अजून एकमत नाही. यंदाच्या पत्रात काय लिहावे, हे येथील जाणकारांनी सुचवावे.