अनुभव धागा: दुकानाच्या, दवाखान्याच्या वेळा ऑनलाइन नोंदीत कशा भरता?

दवाखाना सकाळी ९.३० ते १ आणि संध्याकाळी ५.३० ते ८.३०. गुरुवारी संध्याकाळी बंद, रविवारी पूर्ण बंद, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीही बंद. दारावरच्या पाटीवर हे चार ओळींत मावतं. गुगलच्या नोंदीत, नकाशावर आणि स्वतःच्या वेबसाइटवर भरायला बसलं की मात्र अडतं. हेच उदाहरण धरून सांगा: नेमकं काय भरता, आणि कुठे बिघडतं? दुकानं चालवणाऱ्यांनीही जरूर लिहा.

नोंदवही

सुरुवात मधल्या सुट्टीपासून करते, कारण सर्वांत जास्त नोंदी तिथेच चुकलेल्या दिसतात. लोक ९.३० ते ८.३० असा एकच पट्टा भरतात आणि 'दुपारी १ ते ५.३० बंद' हे माहितीच्या परिच्छेदात लिहितात. 'आता उघडं आहे' ही हिरवी अक्षरं त्या परिच्छेदातून येत नाहीत, ती वेळांच्या रकान्यांवरून ठरतात. त्यामुळे दुपारी तीनला रुग्णाला दवाखाना उघडा दिसतो आणि तो कुलपापाशी येऊन उभा राहतो.

उपाय सोपा आहे. सुट्टी लिहायचीच नाही, एका दिवसाला दोन पट्टे भरायचे. गुगलच्या नोंदीत दिवसासमोर आणखी एक वेळ जोडायची सोय असते. सोमवारी पहिला पट्टा ९.३० ते १, दुसरा ५.३० ते ८.३०. मधली मोकळी जागा हीच सुट्टी.

भरताना सकाळ-दुपारची खूण नीट बघा. दुपारचे साडेबारा म्हणजे 12:30 PM. तिथे AM पडलं तर दवाखाना मध्यरात्रीनंतरपर्यंत चालू असल्याचा अर्थ निघतो. तपासायचं असेल तर बदल दिसू लागल्यावर दुपारी तीनला, लॉगिन नसलेल्या ब्राउझरमधून नोंद उघडा. 'बंद' आणि पुढे संध्याकाळी उघडण्याची वेळ दिसली की काम झालं.

गल्ला

आमच्याकडे सहा जण कामाला आहेत. दोन दोन जण आळीपाळीने जेवतात, १२.३० पासून २ पर्यंत. प्रत्येकाची सुट्टी वेगळी, मग किती पट्टे करायचे?

नोंदवही

एकही नाही. नोंदीतली वेळ गिऱ्हाइकासाठी असते, कामगारांच्या पाळीसाठी नाही. काउंटरवर कोणी ना कोणी असेल तर दुकान उघडंच. पट्टा तोडायचा तो शटर खाली येत असेल तेव्हाच.

शून्यतास

साप्ताहिक सुट्टीसाठी सरळ 00:00 ते 00:00 भरा. सुरुवात आणि शेवट एकच, म्हणजे शून्य वेळ, म्हणजे बंद. सगळीकडे चालतं.

अर्धविराम

सगळीकडे नाही. वेबसाइटच्या कोडमध्ये वेळा देताना `opens` आणि `closes` दोन्हींत 00:00 दिलं की गुगल तो दिवस पूर्ण बंद धरतं, तिथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण हाताने भरायच्या फॉर्ममध्ये मध्यरात्र ते मध्यरात्र याचा अर्थ चोवीस तास उघडं असाही लागू शकतो, म्हणजे नेमका उलटा. फॉर्ममध्ये त्या दिवसाची 'बंद' खूणच वापरा.

आता नकाशाकडे. ओपनस्ट्रीटमॅपवर वेळा एका ओळीत लिहितात आणि तिथे एका चिन्हाने अर्धा दिवस गायब होतो. ही चुकीची ओळ:

```
Mo-Sa 09:30-13:00; Mo-Sa 17:30-20:30
```

वाचायला ठीक वाटते. पण अर्धविरामानंतरचा नियम त्याच दिवसांचा आधीचा नियम पुसून टाकतो. उरतो फक्त संध्याकाळचा पट्टा. एकाच दिवसाचे दोन पट्टे स्वल्पविरामाने जोडायचे:

```
Mo-Sa 09:30-13:00,17:30-20:30; Th 09:30-13:00; Sa[2,4] off; Su off
```

हाच पुसण्याचा नियम इथे उपयोगी पडतो. गुरुवारसाठी 'संध्याकाळी बंद' असं वेगळं सांगावं लागत नाही. गुरुवार नव्याने, फक्त सकाळचा लिहिला की जुना गुरुवार जातो. दुसरा-चौथा शनिवार चौकटी कंसात. शेवटी `PH off` जोडलं तर सार्वजनिक सुट्ट्यांना बंद असा अर्थ होतो. त्यातल्या काही सुट्ट्यांना दवाखाना उघडा असेल तर मात्र ते जोडू नका.

दिनदर्शिका

अर्धविराम म्हणतात तसंच सुट्ट्यांच्या अपवादांचं आहे, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गुगलवर एखाद्या तारखेसाठी खास वेळ भरली की त्या तारखेची नेहमीची वेळ अख्खी बाजूला होते. तिच्यात भर पडत नाही.

समजा सणाच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, फक्त संध्याकाळ बंद ठेवायची आहे. तर त्या तारखेला ९.३० ते १ एवढंच भरायचं. 'बंद' खूण केली तर सकाळही जाते. उलट त्या दिवशी संध्याकाळी ७ लाच बंद करायचं असेल आणि ५.३० ते ७ एवढंच भरलं, तर सकाळचा पट्टा दिसेनासा होतो. तेव्हा दोन्ही पट्टे पुन्हा लिहायचे: ९.३० ते १ आणि ५.३० ते ७.

दुसरं, ही तारीख वर्षासकट असते, पुढच्या वर्षी आपोआप येत नाही. सणाची तारीख सरकणारी असेल तर तसंही नव्याने भरावंच लागतं. आणि सुट्टीच्या दिवशी नेहमीप्रमाणे उघडं असलात तरी त्या तारखेला नेहमीच्याच वेळा भरून पक्क्या करा. नाही तर वेळा वेगळ्या असू शकतील अशी सूचना झळकते आणि उघड्या दवाखान्याकडेही लोक फिरकत नाहीत.

शेवटचा नंबर

दवाखान्याबाबत एक शंका. नंबर ८ ला देणं थांबतं, डॉक्टर मात्र ८.३० पर्यंत तपासतात. बंद होण्याची वेळ कुठली लिहायची?

नोंदवही

मी ८ लिहीन. ८.२० ला आलेल्याला परत पाठवणार असाल तर त्याच्यासाठी दवाखाना बंदच आहे. औषधं, रिपोर्ट वगैरे ८.३० पर्यंत मिळत असतील तर ते माहितीत लिहा.

अर्धविराम

मला हे पटत नाही. फक्त रिपोर्ट घ्यायला येणारे ८ वाचून दुसऱ्या दिवसावर ढकलतात. ८.३० ठेवून 'शेवटचा नंबर ८ वाजता' असं पहिल्याच वाक्यात लिहावं.

गल्ला

दुसरा-चौथा शनिवार नकाशावर जमला, पण गुगलच्या रकान्यात फक्त 'शनिवार' आहे. तिथे काय करायचं?

दिनदर्शिका

आठवड्याचा साचा एकच असल्यामुळे तिथे दोनच वाटा आहेत. एक, शनिवार उघडा ठेवून बंद असलेल्या शनिवारांच्या तारखा खास दिवसांत 'बंद' म्हणून भरायच्या. दोन, शनिवार बंद ठेवून उघड्या शनिवारांच्या वेळा भरायच्या. पहिलीत काम कमी, महिन्याला दोनच तारखा. पण तारीख भरायची राहिली तर लोक हेलपाटा घालतात. दुसरीत महिन्याला दोन किंवा तीन तारखा भराव्या लागतात, आणि एखादी राहिली तरी कोणी कुलपापाशी येत नाही, फक्त त्या शनिवारी गर्दी कमी होते. दवाखान्यासाठी मी दुसरी वाट घेईन.

गल्ला

दुकानाला ते परवडायचं नाही, शनिवार हा धंद्याचा दिवस. मी पहिलीच वाट धरतो आणि तीन महिन्यांच्या तारखा एकदम भरून टाकतो.