शेवटचे सात दिवस, रिव्हिजन बसेना. मदत हवी आहे

पंचवटी_०७: पेपरला सातच दिवस उरलेत. धडे वाचून झालेत, पण सूत्रं डोक्यात राहत नाहीत. क्लासवाले म्हणतात रोज एक पेपर सोडव. कोणी नीट वेळापत्रक देईल का? लवकर सांगा प्लीज.

मेरीकर: कुठला पेपर? दहावी, बारावी, इंजिनिअरिंग? आम्ही काय ओळखायचं?

पंचवटी_०७: बारावी फिजिक्स, स्टेट बोर्ड. अजून कुठला असणार!

सिडको_बाबा: सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न सोडू नकोस.

मेरीकर: बाबा, सीईटीचं कोणी विचारलंय?

शिकवणीवाली_ताई: रोज पेपर नको. तीन तास लिहिण्यात आणि दोन तास तपासण्यात गेले की चुका सुधारायला दिवस उरत नाही. पेपर एकच सोडव, चौथ्या दिवशी, अकरा ते दोन या वेळेतच. धडे सोळा आहेत, पहिल्या तीन दिवसांत पाच, पाच आणि सहा असे घे. प्रत्येकाचा सारांश एका पानात बसव. सकाळी उठल्यावर पुस्तक न उघडता कोऱ्या कागदावर आदल्या दिवशीच्या धड्यांची सूत्रं लिही, मग ताडून बघ. चुकलेली लाल पेनाने. दुसऱ्या दिवशी फक्त लालच परत लिहायची. पाचव्या-सहाव्या दिवशी पेपरात जे अडलं तेवढंच, सातव्याला फक्त लाल कागद.

नाशिकरोड_इंजि: सूत्रं पाठ असली की झालं, आम्ही तेवढ्यावरच काढलं.

शिकवणीवाली_ताई: सूत्रं हवीतच, पण ७० पैकी १२ गुण चार-चार मार्कांच्या प्रश्नांचे असतात आणि त्यात डेरिव्हेशन येतं. शिवाय कॅल्क्युलेटर चालत नाही. ५४ व्होल्टच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी काढून बघ: १२.२८ भागिले √५४. लॉग टेबलने ५४ चा लॉग १.७३२४, निम्मा ०.८६६२. तो १२.२८ च्या लॉगमधून, म्हणजे १.०८९२ मधून वजा केला की ०.२२३०, अँटिलॉग १.६७ अँगस्ट्रॉम. सूत्र येतं, पण इथेच पाच मिनिटं जातात, ते सराव पेपरातच कळतं. साधारण एका गुणाला अडीच मिनिटं धर.

पंचवटी_०७: लॉग टेबल घरी हाताळलंच नाहीये 😐 प्रॅक्टिकलला मित्राने केलं होतं.

मेरीकर: मग आजच घे, मेनरोडला कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात मिळेल.

नाशिकरोड_इंजि: मेनरोडला पार्किंग मिळालं तर कळवा 😂 बाकी ताई, एका पेपराने काय कळणार? निदान दोन तरी हवेत.

शिकवणीवाली_ताई: ज्याच्या हातून वेळेत संपत नाही त्याने सहाव्या दिवशी फक्त तीन-चार मार्कांचे प्रश्न वेळ लावून सोडवावेत. पूर्ण दुसरा पेपर मी नाही सांगणार.

नाशिकरोड_इंजि: मी सांगणार.

पंचवटी_०७: सोळा पानं तीन दिवसांत लिहून होतील? अजून एकही लिहिलेलं नाही.