नकार आल्यावर ‘माझं काय चुकलं?’ विचारायचं का?

कृष्णाकाठ: नोकरीच्या मुलाखतीनंतर नकाराचा मेल आला की विषय संपला. वर फीडबॅक मागणं म्हणजे नाकारलेल्या दारात पुन्हा जाऊन उभं राहणं. उत्तर तर कोणीच देत नाही. पोरांनी हे बंद करावं.

कुपवाडची क्वालिटीवाली: हे वाचून गप्प बसवेना. एमआयडीसीत नऊ वर्षं इन्स्पेक्शनला आहे, आता मुलाखतीही घेते. ‘माझी निवड का झाली नाही ते सविस्तर कळवावे’ असा मेल आला की मी तो एचआरकडे ढकलते आणि एचआर गप्प बसतं. निवडीचं कारण लेखी दिलं तर उद्या त्यावरूनच भांडण होईल, ही भीती असते.

तासगावच्या एका मुलाने मात्र दुसऱ्याच दिवशी, त्याच मेलला उत्तर म्हणून लिहिलं: “मॅडम, वेळ दिल्याबद्दल आभार. निर्णय मान्य आहे. एकच विचारतो, ड्रॉइंग वाचण्यात कमी पडलो की प्रत्यक्ष माप घेताना? एका ओळीत सांगितलंत तरी पुरे. जमलं नाही तरी हरकत नाही.”

चहा पिता पिता मी फोनवरूनच कळवलं: ‘ड्रॉइंग ठीक. बोअर गेज मास्टर रिंगवर शून्याला न लावताच माप घेतलंस.’ त्याने दोन पर्याय दिले होते, मला फक्त एकावर बोट ठेवायचं होतं. पंधरा दिवसांनी विचारलं असतं तर मला त्याचा चेहराही आठवला नसता.

अजिंक्यताऱ्याखालचा: आभार कसले मानायचे? साताऱ्याहून पुण्याला तीनदा गेलो, तिन्ही वेळा एसटीचं भाडं माझं. शेवटी कळलं, जागा आतल्याच माणसाला द्यायची ठरली होती. भाडं द्या, मग आभार मागा!

कृष्णाकाठ: शंभर टक्के. पहिली फेरी व्हिडिओवर घ्यायला काय जातं यांचं?

कुपवाडची क्वालिटीवाली: मापन व्हिडिओवर कसं बघू? गेज हातात द्यावाच लागतो.

अजिंक्यताऱ्याखालचा: मी अकाउंट्सचा आहे हो! व्हाउचर बघायला कोणता गेज लागतो? घरातून डबा बांधून निघायचं आणि रात्री अकराला परत यायचं, हे तुमच्या खुर्चीतून दिसत नाही.

कुपवाडची क्वालिटीवाली: अकाउंट्ससाठी तीन खेपा घालायला लावणं चूकच, ते मान्य.

मिरजेचे काका: एवढी विनवणी कशाला? माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. अर्ज टाका, गुण बाहेर येतात. माझ्या पुतणीने तसेच मिळवले.

विट्याची: काका, पुतणीची भरती सरकारी असणार. खासगी कारखान्याला तो अर्ज चालत नाही. आणि मी असाच नम्र मेल केला होता. उत्तर आलं, ‘अनुभव कमी’. तो तर बायोडेटातच दिसत होता, मग बोलावलं कशाला? मी तसं उलट लिहिलं, त्यावर पुढे काहीच आलं नाही.

कुपवाडची क्वालिटीवाली: तुमचा राग खरा आहे. पण उलट मेल आला की मी पुढच्या उमेदवारालाही उत्तर द्यायला कचरते. ‘धन्यवाद’ लिहून थांबायला हवं होतं. आणि जागा आधीच ठरलेली असेल तर कितीही नीट विचारा, खरं कारण मेलमध्ये येणार नाही.

कृष्णाकाठ: म्हणजे माझं निम्मं बरोबर! तो तासगावचा मुलगा, त्याला पुन्हा बोलावलंत का?

कुपवाडची क्वालिटीवाली: नाही, जागाच निघाली नाही.

कृष्णाकाठ: ठीक. एक ओळ मागायला हरकत नाही, एवढं मानतो. भाड्याचं मात्र कोणी बोललंच नाही.